गिऱ्हाइकाचा पत्ता किती फोनांत?

कसबा बावड्यात आमच्या नात्यातल्या एक आपा घरून अबाया, स्कार्फ आणि ड्रेस मटेरियल विकतात. गाळा नाही, बोर्ड नाही. एक खोली, एक शिलाई मशीन आणि व्हॉट्सॲप, एवढ्यावर व्यवसाय उभा आहे. मागच्या ईदनंतर त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक अचानक बंद झालं. भांडण नव्हतं, पैशांचीही कुरबूर नव्हती. कारण कळलं दोन महिन्यांनी, तेही त्या बाईंच्या नणंदेकडून. रात्री अकरानंतर त्यांना एका अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते. आधी "ड्रेस आवडला का?", मग "तुमचं घर लक्षात आहे". घरात कळलं तर फोनच काढून घेतील या भीतीने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त ऑर्डर देणं थांबवलं.

मेसेजमध्ये त्यांना मुलाच्या नावाने हाक मारलेली होती, "अमुकची अम्मी" अशी. हे नाव त्यांनी एकदाच लिहून दिलं होतं, रमजानातल्या त्या ऑर्डरच्या पत्त्यात. त्यामुळे माहिती कुठून गेली हे शोधायला फारसा वेळ लागला नाही. रमजानच्या शेवटच्या बारा दिवसांसाठी डिलिव्हरीला ठेवलेला एक पोरगा होता, त्याचाच तो नंबर निघाला. ईद झाल्यावर आपांनी त्याला ग्रुपमधून काढलं होतं, आणि विषय संपला असं त्यांना वाटलं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे अशी गोष्ट घडली की पहिला प्रश्न असतो, ही माहिती कुठे-कुठे पडून आहे? एका रविवारी आपांच्या शेजारी बसून ती एकच ऑर्डर आम्ही शोधत गेलो.

बाईंनी नाव, पत्ता, नंबर आपांना खासगी मेसेजमध्ये पाठवला होता. आपांनी तो जसाच्या तसा "ऑर्डर" नावाच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला. ग्रुपमध्ये त्या दिवशी नऊ जण होते: आपा, त्यांचा भाचा, पॅकिंगच्या दोन मुली, टेलर मास्तर, डिलिव्हरीची दोन कायमची पोरं, रमजानापुरता आलेला तो पोरगा आणि पुढे काम सोडून गेलेली आणखी एक मुलगी. पत्ता नऊ फोनांत गेला. त्यातला एक फोन आपांचा. बाकी आठांपैकी खरी गरज होती एकाला, ज्याने पार्सल पोचवलं त्याला. टेलर मास्तरांना लांबी हवी होती, त्यांना गल्लीचं नाव कशाला?

इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. ग्रुपमधून काढलेल्या माणसाला पुढचे मेसेज दिसत नाहीत, पण मागचे सगळे त्याच्या फोनात तसेच राहतात. तो ते निवांत वाचू शकतो, शोधू शकतो, फॉरवर्ड करू शकतो. "डिलीट फॉर एव्हरीवन"ची मुदत साधारण दोन दिवसांची आहे. महिन्यानंतर शुद्धीवर आलात तर ती वाट बंद झालेली असते. ऑर्डर स्क्रीनशॉटने पाठवली असेल तर तो फोटो समोरच्याच्या गॅलरीत उतरतो, आणि बॅकअप चालू असेल तर त्याच्या गूगल खात्यातही जातो. डिलिव्हरीच्या पोराने "काळा अबाया लाइन बाजार" असा नंबर सेव्ह केला की तो त्याच्या कॉन्टॅक्टमध्ये कायमचा बसतो. यात प्रत्येक वेळी वाईट हेतू असतोच असं नाही. नऊपैकी आठ माणसं चांगली होती, हे मुद्दाम सांगतो.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट सापडली. आपांच्या व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Linked devices उघडलं, तर तिथे एक लॅपटॉप जोडलेला होता. भाच्याने कधीतरी बिलं टाइप करायला मित्राच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडलं होतं, आणि लॉगआउट करायचं राहिलं. मुख्य फोन वापरात असेपर्यंत असा जोडलेला लॅपटॉप चालूच राहतो. म्हणजे एका त्रयस्थ घरात आपांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं बोलणं उघडं होतं. तपासायला अर्धं मिनिट लागलं.

दुरुस्ती करताना नवं ॲप घ्यायची गरज पडली नाही. पत्ता एकाच ठिकाणी राहील आणि बाकी सगळीकडे फक्त नंबर फिरेल, एवढंच ठरवलं. आपांची वही हे ते ठिकाण. प्रत्येक ऑर्डरला क्रमांक, उदाहरणार्थ ब-114. ग्रुपवर आता एवढंच जातं: "ब-114, काळा अबाया, साइज 56, बाही सैल, गिफ्ट पॅक." टेलर आणि पॅकिंगच्या मुलींचं काम त्यावर पूर्ण होतं. पाकिटावर पॅकिंगवाली मुलगी फक्त ब-114 लिहिते. निघायच्या वेळी आपा स्वतः वहीतून पाहून पत्त्याची चिठ्ठी लावतात.

डिलिव्हरीच्या पोराला पत्ता लागतोच. तो आता ग्रुपवर न टाकता, त्या दिवशी जाणाऱ्या पोराच्या वैयक्तिक चॅटमध्ये जातो, आणि त्या चॅटला चोवीस तासांत मेसेज नाहीसे होण्याची सोय लावलेली आहे. यालाही मर्यादा आहे. स्क्रीनशॉट काढणाऱ्याला ही सोय अडवू शकत नाही. पण गेल्या दोन वर्षांची अख्खी यादी एका माणसाच्या खिशात राहण्यापेक्षा आजचे सहा पत्ते राहणं, यात मोठा फरक आहे.

फोन नंबर मात्र चिठ्ठीवरही नाही. टॅक्सी आणि जेवणाच्या ॲपवाल्यांकडे ड्रायव्हरला गिऱ्हाइकाचा खरा नंबर न दाखवता फोन जोडून देणारी यंत्रणा असते. आपांकडे ती कुठून येणार? म्हणून पोरगा दारात पोचला की आपांना फोन करतो, आपा गिऱ्हाइकाला. दिवसाला आठ-दहा पार्सलं असतील तर हे जमतं. ईदच्या तोंडावर चाळीस असतात, तेव्हा नाही जमत. त्यासाठी एक साधा बटणांचा फोन आणि दुकानाचं वेगळं सिम घेतलं. डिलिव्हरीला जाताना पोरगा तो फोन नेतो, संध्याकाळी परत ठेवतो, आणि आपा त्यातली कॉल यादी पुसतात. गिऱ्हाइकांना आधीच सांगितलं आहे की दुकानाचा फोन याच नंबरवरून येईल, दुसऱ्या कुठल्या नंबरवरून आला तर मला कळवा. गळती कळायची ही सगळ्यात स्वस्त खूण आहे.

गावाबाहेर जाणाऱ्या पार्सलचं वेगळं. कुरिअरला नाव, पत्ता, नंबर तिन्ही द्यावेच लागतात. तिथे आपल्या हातात एवढंच आहे की त्या लेबलचा फोटो "आज निघालेल्या ऑर्डर्स" म्हणून स्टेटसवर किंवा रीलमध्ये टाकू नये. हे आपल्यातले किती जण करतात ते एकदा स्क्रोल करून पाहा. "पेमेंट मिळालं, अल्हम्दुलिल्लाह" म्हणून टाकलेल्या यूपीआयच्या स्क्रीनशॉटचंही तेच. अनेकांच्या यूपीआय आयडीत त्यांचा मोबाइल नंबरच असतो.

आपांचा दुसरा ग्रुप होता "ईद कलेक्शन", जवळजवळ तीनशे बायकांचा. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला दिसतो. कुणीही आत शिरून अख्खी यादी उतरवून घेऊ शकतं, आणि कुणाच्या नावाने कुणाच्या भावाचा फोन आत आहे हे ॲडमिनला कळतही नाही. तो ग्रुप बंद करून ब्रॉडकास्ट लिस्ट केली. तिच्यात मेसेज प्रत्येकीला एकटीला आल्यासारखा येतो, दुसरीचा नंबर दिसत नाही. एका लिस्टमध्ये 256 जणी बसतात, म्हणून दोन लिस्ट. अट एकच, ज्यांनी आपांचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. त्यामुळे साठेक जणी गळाल्या आणि आपा चार दिवस नाराज होत्या. व्हॉट्सॲप चॅनेल हाही मार्ग आहे, तिथेही फॉलोअर्सना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत.

आता थोडं अवघड बोलतो. विक्रेत्यांच्या ग्रुपवर "हे फसवे गिऱ्हाईक, ऑर्डर घेऊ नका" म्हणून नाव, नंबर, पत्ता टाकायची पद्धत पडली आहे. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं की भाड्याचा भुर्दंड विक्रेत्यावर बसतो, तो राग मला समजतो. पण पार्सल नाकारलेली बाई दवाखान्यात असेल, किंवा सासऱ्यांनी दारातून परत पाठवलं असेल. तिचा पत्ता शंभर अनोळखी लोकांना वाटण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? पुढच्या वेळी तिच्याकडून आगाऊ पैसे मागा, तेवढं पुरेसं आहे.

आणि आपल्या बाबतीत पत्त्यांच्या यादीला आणखी एक अर्थ असतो. अबाया विकणाऱ्याची यादी म्हणजे कुठल्या गल्लीत कुठल्या मजल्यावर मुस्लिम घर आहे, घरात बाई कोण आहे, याची यादी. जून 2023 मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. ते दिवस आपण पाहिलेत. तशा दिवशी ती यादी कुणाच्या फोनात असावी, हे ज्याने त्याने ठरवावं.

कायदाही आता याकडे पाहू लागला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, आणि फुटली तर संबंधित माणसाला कळवायचं, हा त्याचा गाभा. स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती कायद्याबाहेर आहे, पण घरून चालवलेला धंदा म्हणजे घरगुती काम नव्हे. आणि नको म्हटल्यावरही बाईला पुन्हा पुन्हा मेसेज करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा आहेच.

आपांनी त्या बाईंना काय सांगावं यावर आमच्यात दोन दिवस चर्चा चालली. भाचा म्हणत होता, आता बोलून उपयोग काय, उलट बदनामी होईल. शेवटी आपांनी स्वतः त्यांना फोन केला, घरचे बाहेर असतील अशा वेळी. तुमचा नंबर माझ्या इथूनच गेला, कुणाकडून गेला ते मला कळलंय, त्याच्या वडिलांशी मी बोलले आहे, मेसेज जपून ठेवा, तक्रार करायची असेल तर मी सोबत येते आणि पोरगा माझ्याकडेच कामाला होता हे लिहून देते. तक्रार करायची की नाही हा निर्णय त्या बाईंचा होता. त्यांनी केली नाही. मेसेज थांबले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी परत एक अबाया मागवला. पत्ता दिला नाही, "मी स्वतः येऊन नेईन" म्हणाल्या.