फोटोतला हापसा कुठला?

खेड्यातला जुना फोटो हाती आला की आपली नजर आधी माणसांवर जाते. लुगडे कसे नेसले आहे, डोक्यावर पागोटे आहे की टोपी, यावरून आपण गाव ठरवू पाहतो. पण माणसे फिरतात. बीडची ऊसतोड करणारी मंडळी सहा-सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात असतात आणि त्यांचा पोशाख त्यांच्याबरोबर जातो. पाणवठा जागचा हलत नाही. विहीर कशी खणली, किती रुंद ठेवली, आतून बांधली की नुसती फोडली, हे त्या जागच्या खडकाने ठरवलेले असते. म्हणून फोटोचा प्रदेश ओळखायचा असेल तर आधी पाणवठा पाहावा.

महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या कातळाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते असते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात. विहीर खणणाऱ्याला एवढ्याशा पाण्यावर भागवायचे असते, म्हणून तो विहीर रुंद घेतो. वीस-तीस फूट व्यासाची विहीर जास्त भेगा कापते आणि रात्रभर झिरपलेले पाणी सकाळपर्यंत साठवूनही ठेवते. इथे विहीर पाण्याची वाट आहे तशी साठवणही आहे. वरचा मुरूम ढासळतो, म्हणून तेवढ्या भागाला दगडी बांधकाम असते. कातळ लागला की बांधकाम थांबते आणि खाली सुरुंगाने फोडलेला उघडा दगड दिसतो. फोटोत विहिरीचा आतला भाग दिसत असेल तर बांधकाम संपून कातळ सुरू होतो ती रेघ शोधावी. मुरूम किती खोल आहे, ते तिच्यावरून कळते.

गंगेच्या मैदानात ही रेघ सापडणार नाही. तिथे खाली शेकडो फूट गाळ आणि वाळू आहे. पाणी भरपूर असते, पण भिंत उभी राहत नाही. म्हणून विहीर अरुंद आणि वरपासून खालपर्यंत विटांनी बांधलेली असते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची विहीर दिसते. तिचे चिरे लालसर आणि छिद्राछिद्रांचे असतात आणि त्यांवर शेवाळ असते. आषाढ-श्रावणात तिचे पाणी काठापर्यंत येते आणि वैशाखात तळ दिसतो. त्यामुळे जांभ्याच्या विहिरीचा फोटो प्रदेशाबरोबर साधारण महिनाही सांगून जातो.

बारवांच्या बाबतीत हेच तत्त्व आणखी स्पष्ट दिसते. गुजरातची वाव लांबच लांब उतरत जाते आणि वाटेत मजल्यांवर मजले, खांबांचे मंडप लागतात. अडालजची वाव किंवा पाटणची राणीची वाव पाहिली की नजर कोरीव कामावर खिळते. पण त्या मंडपांना कामही आहे. उत्तर गुजरातच्या वाळूमातीत एवढ्या खोल खणलेल्या चरीच्या दोन्ही भिंती आत येऊ पाहतात. दोन्ही बाजूंना टेकलेले खांब आणि तुळया त्यांना रेटून धरतात. मराठवाड्यातल्या किंवा साताऱ्याकडच्या बारवेला असा आधार लागत नाही, कारण कातळ स्वतःच उभा राहतो. आपल्या बारवा बहुधा आटोपशीर, काळ्या दगडाच्या, आकाशाला उघड्या असतात. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर शाहू महाराजांच्या काळात, १८व्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात, वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. तिच्यात कमान आणि महाल आहेत, पण ते वैभवाचे भाग आहेत. भिंत धरण्याचे काम त्यांच्यावर नाही.

आता एक फोटो घेऊ. कृष्णधवल, मागे तारीख नाही. एक रुंद विहीर आहे, कठडा नाही. एका बाजूला दगडी खांबांवर लाकडी चाक आहे आणि त्याच्यासमोर विहिरीपासून मागे उतरत गेलेली मातीची वाट. ही मोटेची धाव. बैल तिच्यावरून उतरतात तेव्हा नाडा ओढला जातो, कातडी मोट वर येते आणि थारोळ्यात पाणी ओतते. सोंदूर नावाचा दुसरा बारीक दोर मोटेची सोंड वर धरतो. ती सैल सुटली की मोट रिकामी होते. बाजूची माती गडद आहे. एवढ्यावरून काय सांगता येते? रुंदी आणि दगडावरून बेसाल्ट ठरतो. धाव वापरातली, झिजलेली असल्यामुळे विजेची मोटार किंवा ऑईल इंजिन त्या शेतात आलेले नव्हते, म्हणून काळ बहुधा १९६०च्या आधीचा किंवा आसपासचा. पण गाव सांगता येत नाही. तसलाच काळा कातळ माळव्यात आहे, सौराष्ट्रात आहे, उत्तर कर्नाटकातही आहे. तिथेही रुंद विहिरी आहेत आणि तिथेही मोटा चालत. खडकाने प्रदेश अरुंद केला, पण पुढचे काम बैलाच्या शिंगांनी, पागोट्याच्या बांधणीने आणि फोटो कोणी काढला याच्या नोंदीने करायचे. महाराष्ट्रातही पूर्व विदर्भाचा खडक वेगळा आणि जुना, आणि तापी-पूर्णेच्या खोऱ्यात खोल गाळ. तेव्हा रुंद काळी विहीर दिसली म्हणजे महाराष्ट्र, असे समीकरण मांडणे चुकीचे.

खडकाचा आणि पाणवठ्याचा हा दुवा १९७२च्या दुष्काळात सैल झाला. विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनी कातळात थेट भोक पाडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. चार-सहा इंचांचे ते भोक विहिरीच्या कितीतरी पट खोल जाते आणि खाली कुठेतरी भेग लागली तर पाणी देते. अडचण वरच्या पंपाची होती. सुरुवातीला बसवलेले बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतल्या घरगुती पंपांच्या नकला होत्या. एका कुटुंबासाठी बनलेल्या यंत्रावर सगळे गाव दिवसभर हापसत होते. सांधे झिजले, बिडाचे भाग तुटले आणि थोड्याच वर्षांत असंख्य पंप नुसते उभे राहिले.

इथे मराठी मुलखाचा वाटा सांगायलाच हवा. जालन्यातल्या ख्रिस्ती मिशनच्या कामातून पोलादी पंप पुढे आला आणि सोलापुरात त्याच वाटेवरचा आणखी मजबूत पंप तयार झाला. सोलापूर पंपाच्या आधारावर युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास यांनी मिळून नवा पंप घडवला. कोइमतूरजवळ त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याचे उत्पादन सुरू झाले. हाच इंडिया मार्क टू.

फोटोत तो ओळखायला सोपा आहे. काँक्रीटच्या ओट्यातून वर आलेला पोलादी खांब, त्यावर तोटी असलेली छोटी टाकी, त्यावर चौकोनी पेटी आणि पेटीतून मागे निघालेला लांब, सरळ, भरीव दांडा. पेटीत एक साखळी असते. ती दांड्याच्या टोकाला असलेल्या वक्र पट्टीवरून जाते, म्हणून खालची सळई सरळ उभी चालते आणि सांधा झिजत नाही. पाणी उचलणारा दट्ट्या या डोळ्यांना दिसणाऱ्या भागात नसतोच. तो खाली बोअरमध्ये, पाण्यातच असतो. म्हणून हा पंप सुमारे १५० फुटांवरूनही पाणी काढू शकतो.

याच्या शेजारी बिहार किंवा बंगालचा बिडाचा पंप ठेवून पाहावा. तो ठेंगणा आणि जाड पोटाचा असतो, वरून उघडा, दांडा वाकडा. त्याचा दट्ट्या त्या जाड पोटातच असतो. तो पाणी खालून ढकलत नाही, वरून ओढतो. ओढून आणायला हवेचा दाब वापरावा लागतो आणि त्याची मर्यादा व्यवहारात साधारण ७ मीटर आहे. म्हणून असा पंप अंगणात उभा दिसला आणि वापरात असला, तर त्या गावाचे भूजल २२-२३ फुटांपेक्षा फार खाली नाही, हे फोटोवरूनच सांगता येते. दख्खनच्या उंच पठारावर, उन्हाळ्यात, हे बहुतेक ठिकाणी शक्य नसते. गंगेच्या, ब्रह्मपुत्रेच्या गाळात सहज शक्य असते. अशा पंपाची तोटी लाल किंवा हिरवी रंगवलेली असेल तर बांगलादेशाचा विचार करावा. तिथे आर्सेनिकच्या तपासणीनंतर घातक पंपांना लाल आणि सुरक्षित पंपांना हिरवा रंग देण्यात आला. बंगालमधल्या गाळात आर्सेनिक आहे, त्याचेही मूळ त्या मातीतच.

मार्क टू मात्र प्रदेशाची ही खूण पुसतो. तो तमिळनाडूत तसाच, राजस्थानात तसाच आणि उत्तर प्रदेशातही तसाच. तो आफ्रिकेतल्या अनेक देशांतही गेला आहे आणि तिथल्या फोटोत भारताचा भास होतो. त्यामुळे मार्क टू दिसला की खडक ठरवण्याचा मोह आवरावा आणि भोवतीच्या गोष्टी बघाव्यात. ओट्याशेजारी निळे-पिवळे-गुलाबी, एकाच घाटाचे प्लास्टिकचे घडे रांगेने मांडलेले असतील तर नजर तमिळनाडूकडे वळते. हंडा-कळशीची उतरंड दिसली तर आपल्याकडे वळते. काटक्यांच्या कुंपणात, मधोमध घुमटी असलेला आणि भोवती उताराचे गोल अंगण असलेला कुंड शेजारी दिसला तर मारवाड समजावे, कारण तो पावसाचे पाणी गोळा करण्यासाठी असतो आणि खालचे पाणी तिथे अनेकदा खारे निघते. चार कोपऱ्यांवर मनोरे असलेली विहीर मागे असेल तर शेखावाटी. खुणा एकामागून एक जुळाव्या लागतात, एकीवर विसंबणे धोक्याचे.

रस्त्याकडेची काळी प्लास्टिकची टाकी तर याहून कमी बोलते. ती काँक्रीटच्या चबुतऱ्यावर, खाली तीन-चार नळ, कुठेही तशीच असते. तिच्यावरून काळ कळतो, जागा कळत नाही. शिवाय २०१९ पासून जल जीवन मिशनचे नळ अंगणात आले. ते येणे चांगलेच आहे, कारण डोक्यावर हंडे घेऊन मैल तुडवणाऱ्या बाईला आपल्या फोटोंच्या ओळखीपेक्षा नळ हवा. पण या बदलात जुने पाणवठे भराभर भरून टाकले जात आहेत. रस्ता रुंद करताना धावेचा दगड उचलला जातो, बारवेत कचरा टाकला जातो, आणि त्याबरोबर तिथल्या खडकाचा सर्वांत जुना लिखित नसलेला पुरावाही जातो.

म्हणून ग्रामपंचायतीने किंवा शाळेने पाणवठ्याचा फोटो काढताना चार गोष्टी आवर्जून टिपाव्यात. विहिरीचा व्यास, बांधकाम कुठे संपते तो थर, पाण्याची पातळी आणि महिना. हापसा असेल तर पेटीचा आकार आणि बोअरची खोली विचारून लिहावी. फोटोमागे नुसते ‘गावची विहीर’ लिहिलेले असेल तर शंभर वर्षांनी तो फोटो कुणी माळव्याचा म्हणून छापील, कुणी मराठवाड्याचा. चैत्रातला तळ आणि भाद्रपदातला काठ यांतले अंतर फुटांत लिहिले असेल, तर त्या वर्षी जमिनीत किती पाणी मुरले आणि उन्हाळ्यापर्यंत किती उपसले गेले, याचाही अंदाज त्याच फोटोवरून बांधता येईल.