उंबरठ्यावरचे सहा मिसरे

गेल्या महिन्यात शेजारच्या खाला घरी आल्या. मुलीचा निकाह आठ दिवसांवर आला होता. म्हणाल्या, "बाजी, सेहरा नवऱ्याकडचे आणतील, रुख्सती कुणीतरी वाचेल. पण समधनला दारात मी काय म्हणू? मला चार ओळी लिहून द्या. मराठीतच द्या, त्यांच्याकडे उर्दू फारसं कुणाला येत नाही."

दारातली कविता वेगळी असते, हे मी त्यांना आधी सांगितलं. सेहरा ऐकताना लोक बसलेले असतात. इथे मंडळी उभी असतात, बायकांच्या कडेवर मुलं असतात, कुणाला पाणी हवं असतं. म्हणून तीनच शेर, सहा मिसरे. शिवाय दर शेराअखेर तेच शब्द आले की वाचणारी थांबते तिथे गर्दीही सूर मिळवते. ते शब्द म्हणजे रदीफ. मी रदीफ घेतली 'या तुम्ही'. तिच्या आधीचा काफिया 'दारी, तयारी, सारी' असा. बहर ती, जिला मराठीत देवप्रिया म्हणतात: गालगागा तीनदा आणि शेवटी गालगा. 'या तुम्ही' हे बरोबर त्या शेवटच्या गालगात बसतं, कारण 'तुम्ही'मधला 'तु' आपण लघूच उच्चारतो.

मतला लगेच जमला:

उंबऱ्याशी थांबले मी, आज दारी या तुम्ही
घेउनी नाती नव्याने जोडणारी या तुम्ही

मग खालांच्या भावाचा निरोप आला, की व्याह्यांचं आडनाव, इनामदार, त्यात यायलाच हवं. खूप खटपट केली. पण 'इ' लघू, 'ना' गुरू, 'म' पुन्हा लघू. देवप्रियेत दोन लघूंच्या मध्ये किमान तीन गुरू येतात, त्यामुळे हे आडनाव कुठेच बसत नाही. ओढूनताणून बसवलं तर वाचणारी नेमकी तिथेच अडखळते, आणि अडखळायचं ते पाहुण्यांच्या नावावर! नाव आमंत्रणपत्रिकेत आहेच, असं कळवलं.

दुसऱ्या शेराला मात्र मी स्वतःच चुकले. पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं:

चंद्रमौळी झोपडी ही, मीठ भाकर एवढी
काय देऊ आपणा मी, मी बिचारी, या तुम्ही

वजन ठीक, काफियाही ठीक. खालांनी वाचलं आणि कागद खाली ठेवला. "बाजी, मी बिचारी नाही. आणि काय देऊ असं दारातच विचारलं, तर उद्या कुणी उत्तर देईल." नम्रतेच्या सवयीने मी मुलीच्या आईला याचक करून ठेवलं होतं. देण्याघेण्याची भाषा तिथे नकोच होती. घरात खरोखर जे चाललं होतं तेच मग लिहिलं:

सरबताचे घोट घ्या अन् पान घ्या हातावरी
काल रात्रीपासुनी केली तयारी, या तुम्ही

आता तिसरा. खालांचे मियाँ दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. पाहुण्यांच्या पुढे जायचं ते त्यांचं काम. त्यांचा उल्लेख करावा की नाही, यावर आम्ही दोघी दोन संध्याकाळी बसलो. मी नको म्हणत होते. रडणं रुख्सतीच्या कवितेत येतं, दारात आलेल्याला आल्याआल्या डोळे पुसायला लावू नये. खालांचं म्हणणं असं, की त्यांच्याशिवाय हे स्वागत अर्धं वाटेल. शेवटी दुःख न सांगता त्यांनाच बोलू द्यायचं ठरलं:

आज नाही ते पुढे, पण हाक त्यांची ऐकते
बोलले असते हसूनी, 'आत सारी या तुम्ही'

मक्ता, म्हणजे शायराचं तखल्लुस असलेला शेवटचा शेर, मी घातला नाही. 1852 साली शाहजादे जवाँ बख्त यांच्या लग्नात गालिबांनी सेहऱ्याच्या मक्त्यात जो तोरा मिरवला, तो बादशहाचे उस्ताद जौक यांना टोमणा वाटला. जौकनी उलट सेहरा लिहिला आणि गालिबांना माफीचा किता लिहावा लागला. इथे तर बोलणारी आई आहे, तिच्या तोंडी माझं नाव कशाला?

निकाहच्या दिवशी वाचायचं होतं भाचीने. दोन शेर तिने छान म्हटले, दुसऱ्यालाच बायका 'या तुम्ही' म्हणू लागल्या. तिसऱ्याला खालांनी तिच्या हातून कागद घेतला. पहिला मिसरा आवाज न कापता म्हटला, दुसऱ्याला त्या खरंच हसल्या. समधन पुढे येऊन म्हणाल्या, "आलो की हो, सगळीच आलो!" आणि उंबरठा ओलांडून त्यांनी खालांना मिठी मारली.

मागून एक आजी विचारत होत्या, पान कुठाय, आताच तर म्हणालात. पानवाला अजून आला नव्हता.