फिल्टरला ‘गाळणी’ म्हणायचे कुणाच्या सोयीसाठी?

जयंतीच्या वर्गणीचा हिशोब वहीतून कॉम्प्युटरवर आणायचा, म्हणून लिबरऑफिस कॅल्कची माहितीपुस्तिका मराठीत करायला आम्ही काहीजण बसलो. पहिल्याच दिवशी भांडण झाले. एक गट म्हणाला, ‘शुद्ध मराठी करा.’ दुसरा म्हणाला, ‘पोरांना इंग्रजी शब्द माहीत आहेत, तेच ठेवा.’ दोन्ही गटांचे चुकत होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

शुद्धतेवाल्यांचा मसुदा आधी तपासू. त्यात Filter ला ‘गाळणी’ आणि फिल्टर लावण्याला ‘ओळी गाळा’ असे होते. ऐकायला गोड. पण आमच्या वस्तीत ‘नाव गाळले’ म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. यादीतून नाव गेले, हक्क गेला. कॅल्कमधला फिल्टर मात्र काहीच काढून टाकत नाही. तो ओळी फक्त लपवतो.

हा फरक शब्दांचा कीस काढण्यापुरता नाही. आमच्या सरावाच्या शीटमध्ये 40 घरे होती, प्रत्येकाची वर्गणी 500 रुपये. A मध्ये नाव, B मध्ये गल्ली, C मध्ये रक्कम. D मोकळा ठेवून E1 मध्ये बेरीज मांडली:

```
=SUM(C2:C41)
```

उत्तर 20000. मग Data मेन्यूतून AutoFilter लावला आणि एकाच गल्लीची 12 घरे समोर ठेवली. बेरीज 20000 च राहिली, कारण SUM लपलेल्या ओळीही मोजतो. मसुदा वाचून काम करणारा पोरगा म्हणाला, ‘बाकीचे गाळले ना? मग या गल्लीचे वीस हजार झाले.’ सराव होता म्हणून हसलो. खऱ्या हिशोबात असे झाले असते तर 12 घरांच्या 6000 रुपयांवरून खजिनदाराची कॉलर धरली गेली असती. दिसणाऱ्याच ओळींची बेरीज हवी असेल तर सूत्र वेगळे:

```
=SUBTOTAL(9,C2:C41)
```

हे 6000 दाखवते. फिल्टर चालू आहे की नाही, हे डावीकडच्या ओळींच्या क्रमांकांवरूनही कळते. 3 नंतर एकदम 7 आला, तर मधल्या ओळी लपल्या आहेत, मेलेल्या नाहीत.

म्हणून आम्ही ‘फिल्टर’ ठेवला. पाण्याचा फिल्टर घरोघर माहीत आहे. पण तोही कचरा अडवतो, म्हणून पहिल्याच ठिकाणी लिहिले: ‘फिल्टर लावल्यावर नको असलेल्या ओळी लपतात, पुसल्या जात नाहीत.’ नुसता इंग्रजी शब्द ठेवून मोकळे झालो असतो तर तोच पोरगा तिथेच अडकला असता. इंग्रजीवाल्या गटाला हेच कळत नव्हते. शब्द ओठांवर असणे आणि अर्थ हातात असणे यात फरक आहे. ज्याच्या घरात हा पहिलाच कॉम्प्युटर आहे, तो ‘डिफॉल्ट’ रोज ऐकतो, पण त्याचा अर्थ विचारायला लाजतो.

मग सगळेच इंग्रजी का नको? कारण चांगले शब्द आपल्याकडे आहेत. Row ला ‘ओळ’. Column ला ‘रकाना’. फॉर्मचे रकाने भरून भरून आपली हयात गेली, त्याला ‘स्तंभ’ कशाला? Sort ला ‘क्रमाने लावणे’. Cell मात्र ‘सेल’च, ‘पेशी’ म्हटले की जीवशास्त्राचा तास सुरू होतो.

शुद्धतेचा आग्रह नवा नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीने ‘तारीख’ काढून ‘दिनांक’ आणला. 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. त्यातले काही शब्द रुळले, बरेच कागदावरच राहिले. ‘जमा’, ‘रक्कम’, ‘हिशोब’ हे अरबी-फारसीतून आलेले शब्द. ते वगळून शुद्धतेवाल्यांनी आमची वर्गणीची वही लिहून दाखवावी.

एका ठिकाणी मात्र आमच्याही आवडीनिवडीला जागा नाही: पडद्यावर जे दिसते ते. आमच्या कॉम्प्युटरवर मेन्यू इंग्रजी आहे, म्हणून पुस्तिकेतही Data आणि AutoFilter तसेच, त्याच लिपीत. ‘विदा मेन्यू उघडा’ असे लिहिले तर वाचणारा पडद्यावर ‘विदा’ शोधत बसेल. ज्यांनी मराठी इंटरफेस लावला आहे त्यांच्यासाठी तिथला शब्द जसाच्या तसा घ्यावा लागेल, मग तो आम्हाला कितीही खटको. सूत्रांची नावेही तशीच. आम्ही `=बेरीज(C2:C41)` टाकून पाहिले, सेलमध्ये `#NAME?` आले.

आता प्रत्येक शब्द आम्ही दोघांना वाचून दाखवतो: कॉम्प्युटर क्लास केलेल्या एका मुलीला आणि वही सांभाळणाऱ्या जुन्या खजिनदारांना. दोघांनी वाचून बरोबर बटण दाबले की शब्द यादीत जातो, आणि पुढे पुस्तिकाभर तोच राहतो. ‘डिफॉल्ट’ला ‘आधीपासून ठरलेले’ लिहिले आहे. खजिनदारांना पटले. मुलगी म्हणते, लांब आहे. तो शब्द अजून यादीबाहेर आहे.