३६ शब्दांचं एक वाक्य

फेस्टिव्हलचा सीझन आला की प्रत्येक कॉलेजातून स्पॉन्सरशिपचे इंग्रजी मेल सुटतात. बहुतेकांची सुरुवात साधारण अशी असते: ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय वुड लाइक टू ब्रिंग टू युअर काइंड नोटिस दॅट अवर कॉलेज इज ऑर्गनायझिंग इट्स अ‍ॅन्युअल फेस्टिव्हल इन द मंथ ऑफ जानेवारी फॉर विच वी आर लुकिंग फॉर स्पॉन्सरशिप फ्रॉम युअर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन.’

शब्द मोजा. ३६ भरतात आणि पैशांची गोष्ट तिसाव्या शब्दाच्या आसपास येते. व्याकरण बरोबर आहे, अडचण सवयीची आहे. शाळेत आपण ‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की...’ असे अर्ज घोटले आणि तोच ‘की’ इंग्रजीत ‘दॅट’ होऊन आला.

वाक्य किती जड आहे, हे मोजता येतं. फ्लेश-किंकेड नावाचं एक सूत्र आहे, १९७५मध्ये अमेरिकी नौदलासाठी बनवलेलं. ते दोनच गोष्टी बघतं: एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात सरासरी किती उच्चारखंड. उत्तर अमेरिकन शाळेच्या इयत्तेत येतं. वरच्या वाक्याचं हाताने काढलं तर १७, म्हणजे पदवीच्याही पुढे!

आता हे बघा: ‘अवर कॉलेज होल्ड्स इट्स फेस्टिव्हल इन जानेवारी. वी नीड अ स्पॉन्सर फॉर द स्टेज. कॅन वी कॉल यू ऑन मंडे?’ वाक्यं तीन, शब्द २०, इयत्ता साडेतीन. शिवाय उत्तरात काय द्यायचं, हेही समोरच्याला कळतं.

माझा नियम सोपा आहे: एका वाक्यात एकच गोष्ट, आणि २० शब्द ओलांडले की वाक्य फोडायचं. फोडायची जागा बहुतेक वेळा ‘विच’, ‘दॅट’ किंवा ‘अँड’पाशीच सापडते. आकडा वर्ड काढून देतं, फक्त सेटिंग्जमध्ये ‘Show readability statistics’ चालू करा.

पण आकड्याच्या नादी फार लागू नका. सूत्राला अर्थ कळत नाही. शब्द उलटसुलट केले तरी इयत्ता तीच येते. ‘जानेवारी’ चार खंडांचा म्हणून त्याला अवघड वाटतो आणि ‘हेन्स’ एका खंडाचा म्हणून सोपा. आणि वाक्यं तोडता तोडता ‘बिकॉज’ गळला, तर कारणच हरवतं. ‘सेंड रिप्लाय. कॉल मंडे.’ याची इयत्ता मस्त कमी येईल, पण वाचणाऱ्याला तो हुकूम वाटेल. तिथे ‘प्लीज’ किंवा ‘कॅन वी’ ठेवाच. मेल मोठ्याने वाचला की असा खडूसपणा कानाला लगेच कळतो, सूत्राला नाही.