चार तासांच्या नोकरीची जाहिरात



लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये परवा एका टपाल कामगाराचा पुतण्या ग्रामीण डाक सेवक भरतीची अधिसूचना घेऊन आला. "शाखा डाकपाल, दहावी पास, चार तास काम, सुरुवातीला १२,००० रुपये. काका, फॉर्म भरू का?"

जरूर भर बाबा, पण आधी अटी वाच. कामांची यादी देशभर एकच छापलेली असते. तिच्यावरून तुझ्या गावचे काम कळत नाही. खात्याची गरज अटींत दडलेली असते. उपजीविकेचे पुरेसे साधन असावे, अशी अट आहे. या पैशात घर चालत नाही, याची ही लेखी कबुलीच नव्हे काय? शाखेसाठी जागाही उमेदवारानेच द्यायची. म्हणजे खात्याला नोकर हवा तो घरचे खाऊन राबणारा!

आता यादी पाहा. काउंटर सांभाळा, पेमेंट्स बँकेचे व्यवहार करा, योजनांचा प्रचार करा. आणि शाखा एकहाती असेल तर टपालाची ने-आण व वाटपही तुम्हीच करा. खरी मेख या 'एकहाती' शब्दात आहे. काउंटरवरचा माणूस त्याच वेळी सायकलवर कसा असेल? शिवाय वरिष्ठ सांगतील ते काम आहेच.

म्हणून पुतण्याला आम्ही आधी उपडाकघरात धाडले. तिथे विचारायचे: शाखेत दुसरा सेवक आहे का? थैली कुठून आणायची? वाटपाला गावे किती, अंतर किती? आधीचा डाकपाल संध्याकाळी किती वाजता मोकळा होत असे, हे मात्र गावातच विचार. अधिसूचनेत ते छापत नाहीत.