तोट्याच्या वर्षाचं रिटर्न

धर्माबादच्या मिरची बाजारात मंदीच्या साली एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यंदा तोटाच झाला, कर लागणारच नाही, मग रिटर्न कशाला भरायचं?" बोलणारा माणूस सरळ असतो. त्याला काही लपवायचं नसतं, उलट त्याच्या हातात लपवण्यासारखं काही राहिलेलंच नसतं. पण हे वाक्य चुकीचं आहे आणि ते महागात पडतं. फायद्याच्या वर्षी रिटर्नला चार महिने उशीर झाला तर दंड आणि व्याज भरून सुटका होते. तोट्याच्या वर्षी तसाच उशीर झाला तर तो तोटाच कायद्याच्या लेखी उरत नाही.

मुळापासून पाहू. आयकराचं वर्ष 31 मार्चला संपतं, मिरचीचा हंगाम मात्र त्या तारखेला संपत नाही. फेब्रुवारी-मार्चात लाल मिरचीची आवक जोरात असते. व्यापारी पोती उचलतो, शीतगृहात ठेवतो आणि पुढच्या भावाची वाट बघतो. म्हणजे खरेदी एका वर्षात, विक्री दुसऱ्या वर्षात. मधल्या 31 मार्चला शिल्लक माल हिशेबात धरावा लागतो, तो खरेदीभावाने किंवा त्या दिवशीच्या बाजारभावाने, जो कमी असेल त्याने. भाव पडलेला असेल तर माल गोदामात असतानाच तोटा वहीत उमटतो.

इथे पहिला आक्षेप येतो: "माल विकलाच नाही, मग तोटा कसला?" आक्षेप घेणाऱ्याने एवढंच सांगावं, की त्या पोत्यांवर बँकेने कर्ज कोणत्या भावाने धरलं असतं. पडलेला भाव हे त्या दिवसाचं सत्य आहे. पुढे तेजी आली तर वाढीव रक्कम पुढच्या वर्षाच्या नफ्यात येईल आणि तिच्यावर कर लागेल. त्यात कुणाची फसवणूक होत नाही.

एक उदाहरण घेतो. आकडे हिशेबापुरते आहेत. एका व्यापाऱ्याची 2022-23 सालची उलाढाल 80 लाख. मार्चअखेर त्याच्याकडे 200 क्विंटल मिरची पडून होती, खरेदी 20,000 रुपये क्विंटलने. 31 मार्चचा भाव 16,000. इथेच 8 लाख गेले. व्याज आणि शीतगृहाचं भाडं मिळून आणखी 2 लाख गेले. बाकीचा व्यवहार बरोबरीत सुटला. एकूण तोटा 10 लाख.

त्याने 31 जुलै 2023 या मुदतीच्या आत रिटर्न भरलं, म्हणून हा तोटा पुढच्या वर्षांत नेता आला. 2023-24 मध्ये त्याला 4 लाख नफा झाला. जुन्या तोट्यातून 4 लाख वजा झाले, 6 लाख उरले. 2024-25 मध्ये भाव चढले आणि 14 लाख नफा झाला. नव्या करपद्धतीने या 14 लाखांवर उपकर धरून 1,24,800 रुपये कर बसला असता. उरलेले 6 लाख वजा केल्यावर करपात्र उत्पन्न 8 लाख झालं आणि कर 31,200. म्हणजे 93,600 रुपये वाचले.

तोटा करातून वजा होत नाही, उत्पन्नातून वजा होतो, हे यातून दिसतं. 10 लाख बुडाले म्हणून सरकार 10 लाख परत देत नाही.

याच उदाहरणात एक नावडती गोष्टही आहे. 2023-24 चं 4 लाख उत्पन्न नव्या पद्धतीत सवलतीमुळे तसंही करमुक्त होतं. तरी त्या वर्षी तोट्याचे 4 लाख खर्ची पडलेच. "हा तोटा राखून ठेवतो, मोठ्या नफ्याच्या साली वापरतो" असं म्हणता येत नाही. नफा आला की त्यातून आधी जुना तोटा वजा करावाच लागतो. कायद्याची ही बाजू मला लहान व्यापाऱ्यावर अन्याय करणारी वाटते, पण आज ती तशी आहे.

आता समजा, याच व्यापाऱ्याने 31 जुलैची तारीख चुकवून डिसेंबरात रिटर्न भरलं असतं. रिटर्न स्वीकारलं गेलं असतं, पावतीही मिळाली असती. पण धंद्याचा तोटा पुढे गेला नसता. शिल्लक घसारा तेवढा उशिरा भरूनही पुढे जातो आणि त्याला वर्षांची मर्यादाही नाही. पण मिरचीच्या व्यापाऱ्याकडे यंत्रसामग्री ती किती असणार? आजारपणासारखं खरं कारण असेल तर विलंब माफ करावा म्हणून आयुक्तांकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. माफी मिळेलच अशा भरवशावर मात्र कुणी राहू नये.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण तिच्यात रिटर्न वेळेवर भरलेलं असतं. कटकट नको म्हणून बरेच जण अंदाजी नफ्याच्या पद्धतीने रिटर्न भरतात: बँकेतून आलेल्या उलाढालीवर 6 टक्के, रोखीवर 8. वरच्या व्यापाऱ्याने सवयीने तेच केलं असतं तर 80 लाखांवर किमान 4 लाख 80 हजारांचा नफा दिसला असता आणि 10 लाखांचा तोटा कुठेच नोंदला गेला नसता. तोटा दाखवायचा तर वही लागते, खरेदीची बिलं लागतात, साठ्याची नोंद लागते. आधी अंदाजी पद्धत घेऊन मग ती सोडली, तर पाच वर्षं तिच्याकडे परतता येत नाही, हेही मनात धरूनच निर्णय घ्यावा.

"शेतकऱ्याची मिरची बुडते तेव्हा त्याला काय मिळतं? व्यापाऱ्यालाच ही सवलत का?" हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरी मिरची बुडालेली असते. शेतकऱ्याला आधार मिळाला पाहिजे, पण तो भावातून आणि विम्यातून. त्याच्या पिकाच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून तोटा वजा करायला करपात्र नफाही नाही. व्यापाऱ्याच्या नफ्यावर कर आहे. नफ्यात वाटा घेणाऱ्याने तोटाही मोजायला हवा. मी याला सवलत म्हणतच नाही. तीन वर्षांत आपल्या व्यापाऱ्याने खरोखर कमावले 8 लाख, आणि कर लागला तोही नेमका 8 लाखांवर.

तिसरा समज असा, की दुकान बंद झालं की तोटाही संपला. तसं नाही. मिरची सोडून कापडाचं दुकान काढलं तरी जुना तोटा त्या नफ्यातून वजा होतो. पगारातून किंवा घरभाड्यातून मात्र होत नाही. आणि वडिलांनी हयातीतच दुकान मुलाच्या नावावर केलं, तर वडिलांचा तोटा मुलाला वापरता येत नाही. वारसाहक्काने धंदा आला तरच येतो. आपल्याकडे दुकानं मुलांच्या नावावर होतात ती कर्ज आणि परवाना बघून. या तोट्याचा विचार त्या वेळी कुणाच्या डोक्यातही नसतो.

तोटा पुढे नेण्याची मुदत आठ वर्षांची. 2022-23 चा तोटा 2030-31 च्या नफ्यापर्यंत चालतो. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही आठ वर्षं आणि वेळेवर रिटर्न या दोन्ही अटी कायम आहेत.

तोटा नीट नोंदला गेला की नाही, हे सीएला न विचारताही पाहता येतं. ITR-3 मध्ये Schedule CFL नावाचा तक्ता असतो. त्यात दर वर्षाच्या तोट्यासमोर त्या वर्षाचं रिटर्न भरल्याची तारीख लिहिलेली असते. आपल्या व्यापाऱ्याच्या तक्त्यात 2022-23 च्या तोट्यासमोर 31 जुलै 2023 किंवा तिच्या आधीची तारीख दिसली पाहिजे.