आराम पडेल, असं डॉक्टर म्हणाले नव्हते

घरात ज्याला इंग्रजी येतं त्याला दवाखान्यात पुढे करतात. आमच्या बीड जिल्ह्यातून कॅन्सरचे पेशंट आधी आंबाजोगाईला, मग बार्शीला किंवा संभाजीनगरला आणि शेवटी मुंबईला जातात. त्यांच्यासोबत फाइलची पिशवी सांभाळणारं विशी-पंचविशीतलं एक पोरगं असतंच. डॉक्टर काय म्हणाले ते पेशंटला सांगणं हे त्याचं काम. आणि ते सांगायचं नसतं, अशी घरातल्या सगळ्यांची अपेक्षाही असते.

ते पोरगं मी होतो. पेशंट माझी आत्या, चाळीस वर्षांची. लग्न झाल्यापासून दर दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊस तोडायला जाणारी. मुंबईतले डॉक्टर केरळचे. ते इंग्रजीत बोलायचे, मोडकं हिंदी मिसळायचे. आत्याचं हिंदी सिनेमापुरतं.

पहिल्या भेटीत डॉक्टर म्हणाले की आजार फुप्फुसापर्यंत पसरलाय, तो मुळातून जाणार नाही, पण त्रास कमी ठेवता येईल. मी आत्याला म्हणालो, "थोडं पसरलंय. पण औषधानं आराम पडेल."

मराठीत 'आराम पडला' म्हणजे माणूस बरा झाला. डॉक्टरांच्या तोंडी होतं की दुखणं कमी राहील. मी ते असं फिरवलं की तिनं स्वतःच चुकीचा अर्थ काढावा आणि मला मात्र 'मी खोटं बोललोच नाही' म्हणता यावं. 'फरक पडेल', 'कंट्रोलमध्ये येईल' हे त्याच जातीचे शब्द. यालाच आपण दया म्हणतो. माझं म्हणणं आहे की ही दया नव्हे. समोरच्याचं रडू बघण्याची आपल्यात हिंमत नसते, एवढाच तिचा अर्थ.

किंमत महिन्याभरात कळली. आराम पडणार म्हणून मामांनी मुकादमाशी पुढच्या हंगामाची बोलणी केली. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्याची उचल लाखाच्या घरात. ती फेडायला दोघांचे हात लागतात. बाई उभी राहू शकली नाही तर कर्ज पुढच्या सालावर जातं, मग पोरांवर. माझ्या एका गोड वाक्यावर ते घर हे कर्ज अंगावर घेणार होतं.

आता कुणी म्हणेल, खेड्यातल्या बाईला 'कॅन्सर' शब्द ऐकूनच धसका बसतो. खरं आहे. पण बीडच्या बाईला हा शब्द नवा नाही. २०१९ साली आरोग्य विभागानं केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. 'पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल' असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्यातल्या कितीतरी जणींनी पत्रकारांना सांगितलं. म्हणजे कॅन्सर नव्हता तेव्हा हा शब्द बिनधास्त वापरायचा आणि खरोखर झाला की तोंडात गुळणी धरायची! दोन्ही वेळा ठरवणारा दुसराच, आणि शरीर तिचं.

कायद्याकडे बघितलं तर तिथेही फट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आजाराचं गांभीर्य फुगवूही नये आणि कमीही करू नये. पण ही माहिती पेशंटला, नातेवाइकांना 'किंवा' जबाबदार मित्रांना असावी, अशी त्या कलमाची रचना आहे. या 'किंवा'तून आमच्याकडचे सगळे काका-मामा केबिनमध्ये शिरतात आणि पेशंट बाहेर बाकावर बसतो. उलट सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की पेशंट सज्ञान असेल आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल, तर आईची परवानगी ही तिची संमती ठरत नाही. तो खटलाही गर्भाशय काढण्याचाच होता.

दुसऱ्या भेटीआधी मी डॉक्टरांकडे दोन मिनिटं मागितली. सांगितलं की मागच्या वेळी मी बदलून बोललो होतो. ते चिडले नाहीत. म्हणाले, मी एका वेळी दोनच वाक्यं बोलेन, तेवढीच सांग. मी थांबलो की तूही थांब.

ही थांबण्याची गोष्ट सगळ्यात अवघड. वाईट बातमी देणारा डॉक्टर आधी इशारा देतो, मग बातमी, मग गप्प बसतो. ती शांतता पेशंटसाठी असते. आपण नातेवाईक मात्र तिथे घाईनं 'घाबरू नको, काही होत नाही' असं कोंबतो आणि पेशंटला उमजायला लागतात तेवढे क्षणही काढून घेतो.

आधी डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला सगळं ऐकायचंय, की घरच्यांना सांगू?" मी तसंच विचारलं. काही जणांना खरंच ऐकायचं नसतं आणि तो त्यांचा हक्क आहे. पण तो त्यांनी बजावायचा, पुतण्यानं नाही. आत्या म्हणाली, "मलाच सांगा."

"बातमी चांगली नाही." थांबलो. "हा कॅन्सर आहे, आणि तो फुप्फुसात गेलाय. औषधं आहेत, रक्त जाणं थांबवायला शेक देता येईल, दुखणं कमी करता येईल. पण हा आजार मुळातून जाणार नाही." 'मी' म्हणजे डॉक्टर, असं धरून बोललो. 'डॉक्टर असं म्हणतात की' हे शेपूट लावलं नाही, कारण त्या शेपटामागे मला लपता आलं असतं. एकही शब्द गाळला नाही, पण आवाज माझा होता आणि हात तिच्या हातावर होता. मायेला जागा तिथे असते.

बराच वेळ गेला. मग तिनं विचारलं, "पन पिशवी तर धा वर्साखाली काढली ना? मंग कशाचा कॅन्सर?"

मामा म्हणाले, हे नको विचारू त्यांना. मी विचारलं. दुभाषाचं काम एकाच दिशेनं चालत नाही. तिचा प्रश्नही तितकाच इमानानं पलीकडे जायला हवा. डॉक्टर म्हणाले की त्या ऑपरेशनमध्ये पिशवी काढली, पण पिशवीचं तोंड आतच राहिलं होतं. कॅन्सर त्या तोंडाचा आहे. तोंड शिल्लक असेल तर त्याची तपासणी पुढेही करावी लागते.

"हे कुनी सांगितलंच नाही," आत्या म्हणाली. हे वाक्यही मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर थोडं थांबून म्हणाले, सांगायला हवं होतं.

शेवटी त्यांनी मला तिच्याकडून समजलेलं वदवून घ्यायला लावलं. 'कळलं का?' विचारलं की माणूस 'हो'च म्हणतो. म्हणून मी विचारलं, "घरी गेल्यावर ताईला काय सांगशील?" ती म्हणाली, "जानारं न्हाई. दुखनं कमी ऱ्हाईल." बरोबर तेवढंच.

खरं तर हे माझं काम नव्हतंच. माया असलेला माणूस वाईट दुभाषा असतो. मुंबईच्या दवाखान्यात, जिथे अर्धा महाराष्ट्र येऊन बसतो, पेशंटची बोली कळणारा प्रशिक्षित माणूस केबिनमध्ये नसावा, हे कुणाला खटकतही नाही. तो येईपर्यंत हे तुमच्या-माझ्यावरच येणार.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी बसली होती. पुणं गेल्यावर तिनं माझा फोन मागितला आणि मुकादमाला लावून दिला. "औंदा आमचा कोयता धरू नका," ती म्हणाली. "उचल घेत न्हाई." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "कॅन्सर हाय मला," ती म्हणाली, आणि फोन माझ्याकडे दिला.